चाळीस मिनिटांचं पळणं, सव्वादोन तासांचं पळणं आणि पहाटेचं केळं

प्रश्न: वय ३८, वजन ६२ किलो, साताऱ्यात राहते. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला ४० मिनिटं पळते. त्याआधी अर्धा तास एक केळं आणि चहा घेते, कारण सासूबाई उपाशीपोटी घराबाहेर पडू देत नाहीत. तरी पहिली १०-१५ मिनिटं पाय जड, डोकं हलकं. रविवारी यवतेश्वर घाटात १८ किलोमीटर, साधारण सव्वादोन तास. त्या दिवशी मात्र काहीच खात नाही, पोट हलकं असलं की बरं वाटतं आणि चरबीही जास्त जळते म्हणतात. गेल्या दोन्ही रविवारी पावणेदोन तासांनंतर हात थरथरले, गार घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका पळणाऱ्या काकांनी लिमलेटच्या गोळ्या दिल्या, १० मिनिटांत माणसात आले. शनिवारी माझा मारुतीचा उपवास असतो. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

ताई, तुमचे दोन्ही दिवस उलटे झालेत. जिथे खायची गरज नाही तिथे खाताय आणि जिथे आहे तिथे उपाशी जाताय. मी गेली बरीच वर्षं पळणाऱ्यांच्या खाण्याचं काम करतो आणि नव्याने लांब पळायला लागलेल्यांपैकी निम्म्यांची तरी गाडी याच वळणावर अडते. लिमलेटने १० मिनिटांत बरं वाटलं, एवढ्यावरून बराच उलगडा होतो.

शरीरात साखरेचे साठे दोन ठिकाणी असतात, स्नायूंमध्ये आणि यकृतात. स्नायूंमधला साठा मोठा, सगळ्या अंगाचा मिळून ३०० ते ४०० ग्रॅम. पण स्नायू एकदा आत घेतलेली साखर परत रक्तात सोडू शकत नाहीत. ती त्यांच्या स्वतःच्या कामाची. त्यामुळे तुम्ही रात्रभर झोपलात, पाय हलले नाहीत, की पायांतली साखर सकाळी जवळपास तशीच असते. यकृताचं उलट. पोटभर जेवल्यावर त्यात ८० ते १०० ग्रॅम साखर मावते आणि ती रक्तात सोडणं हेच त्याचं काम. मेंदूला तासाला ४-५ ग्रॅम साखर लागते, झोपेतही. रात्री आठला जेवून पहाटे साडेपाचला तुम्ही रस्त्यावर आलात, तर साडेनऊ तासांत यकृतातला अर्धा साठा संपलेला असतो.

म्हणजे पहाटे ‘पोट रिकामं’ असं आपण म्हणतो तेव्हा पाय भरलेले असतात आणि यकृत अर्धं. मग प्रश्न एवढाच उरतो की हे अर्धं यकृत किती वेळ पुरणार.

मध्यम गतीने पळताना यकृत तासाला साधारण २५ ते ३५ ग्रॅम साखर रक्तात सोडतं. बाकीची ऊर्जा पायांतल्या साठ्यातून आणि चरबीतून येते. आता तुमच्या ४० मिनिटांचा हिशोब करा. यकृतातून जाणार २० ग्रॅमच्या आसपास आणि निघतानाचा साठा ४०-५०. आरामात भागतं. एक केळं खाल्लं काय किंवा नाही खाल्लं काय, त्या ४० मिनिटांच्या पळण्यात फरक पडत नाही.

रविवारी पावणेदोन तासांत हीच रक्कम ५० ग्रॅमपर्यंत जाते. यकृत थोडी नवी साखर बनवत राहतं, पण पळण्यातला खर्च तिच्यापेक्षा जास्त असतो. शिवाय शनिवारी उपवास, म्हणजे तुम्ही भरलेल्या यकृताने झोपतही नाही. साठा तळाला गेला की रक्तातली साखर घसरते, मेंदू हाकाटी करतो आणि अंग थरथर, गार घाम, अंधारी ही त्याची भाषा. पाय दुखत नसतात, दमही लागलेला नसतो, पण माणूस रडकुंडीला येतो, समोरच्यावर उगाच चिडतो. तुमच्यासोबत पळणाऱ्यांना विचारून बघा, तुम्ही त्याआधी १० मिनिटं गप्प झाला असाल.

आता चक्कर कधी येते याकडे लक्ष द्या, कारण वेळेवरून कारण ओळखता येतं. दीड तासाच्या पुढे आली आणि साखर तोंडात टाकल्यावर १०-१५ मिनिटांत गेली, तर ती यकृत रिकामं झाल्याची. पळणं थांबवल्या थांबवल्या आली, तर तिचा खाण्याशी संबंध नाही. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, त्या अचानक थांबल्या की रक्त पायांत साचतं. अशा वेळी उभं न राहता पाच मिनिटं चालायचं. तहान, डोकेदुखी आणि गडद लघवी सोबत असेल तर पाणी कमी पडतंय. आणि पहिल्या १५ मिनिटांत आली, पुढे आपोआप गेली, तर ती तुमची सोमवार ते शुक्रवारची तक्रार.

ती अशी होते. केळं आणि गोड चहा पोटात गेला की रक्तातली साखर चढते आणि तिला आवरायला इन्सुलिन वाढतं. खाल्ल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात ते भरात असतं. तुम्ही नेमक्या त्याच वेळी पळायला सुरुवात करता. कामाला लागलेले स्नायू स्वतःहूनही रक्तातली साखर ओढत असतात. इन्सुलिन आणि स्नायू दोघं एकदम ओढायला लागले की साखर थोडा वेळ खाली जाते. शरीर १५-२० मिनिटांत हे सावरतं, म्हणून तुम्हाला पुढे छान वाटतं. सगळ्यांना असं होत नाही. काहींना तर साखर घसरूनही काही जाणवत नाही. पण तुम्ही जाणवणाऱ्यांपैकी दिसता.

उपाय सोपा आहे. सोमवार ते शुक्रवार एक ग्लास पाणी प्या आणि निघा. केळं परत आल्यावर नाश्त्याबरोबर खा. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर अगदी दारातून निघताना, म्हणजे पळायच्या ५ मिनिटं आधी एक खजूर तोंडात टाका. गंमत म्हणजे तेच गोड अर्धा तास आधी खाल्लं की त्रास देतं आणि ५ मिनिटं आधी खाल्लं की देत नाही. कारण इन्सुलिन चढायच्या आत पळणं सुरू होतं आणि पळण्याने सुटणारं अॅड्रेनलिन त्याला दाबून ठेवतं. चहाची सवय असेल तर अर्धा कप चालेल, पण दुधाचा चहा रिकाम्या पोटी घेऊन उड्या मारल्या की आंबट ढेकर येणारच. मला स्वतःला बिनदुधाची कॉफी बरी पडते, त्यात कॅफिनचा थोडा फायदाही मिळतो आणि पोट साफ व्हायलाही मदत होते. घाटात स्वच्छतागृह नसतं हे लक्षात घेता ही बाब किरकोळ समजू नका.

या नियमाला एक अपवाद. ४० मिनिटं म्हणजे कायम हलकंच असं नाही. एखाद्या दिवशी चढावर जोरात धावून उतरायचं, पुन्हा चढायचं, असे आठ-दहा फेरे असतील, तर साखरेचा खर्च बराच वाढतो. त्या दिवशी निघताना दोन खजूर किंवा एक वेलची केळं घ्या, १२-१५ ग्रॅम साखर पुरते. पोटभर खाल्लं तर मात्र तेच अन्न घशाशी येईल, कारण जोरात पळताना पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं आणि पोटातलं काम मंदावतं. व्यायामशाळेत तासभर वजनं उचलणाऱ्यांना मात्र हा अपवाद नाही, मूळ नियमच लागू. रात्री नीट जेवलेल्या माणसाला सकाळी वजनं उचलायला आधी खाण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

आता रविवार. याला जास्त वेळ देतो, कारण खरी दुरुस्ती इथेच आहे आणि ती शनिवारी रात्रीपासून सुरू होते.

उपवास सोडायला मी सांगणार नाही. पण उपवास सोडताना काय खाता ते बघा. शनिवारी रात्री साडेसातच्या सुमारास पोटभर वरण-भात. भात नेहमीपेक्षा एक वाटी जास्त, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम पिष्ट जास्त. सोबत एखादी भाजी, पण मटकीची उसळ, मोड आलेली कडधान्यं, कच्ची कोशिंबीर त्या रात्री कमी. चोथा सकाळपर्यंत आतड्यात रेंगाळतो आणि घाटात उतरताना हिसके बसले की पोटात मुरडा येतो. दिवसभराच्या फराळात साबुदाण्याची खिचडी असेल तर हरकत नाही, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्टच. तुमच्या दृष्टीने उपवासाचा तोटा असा की अनेक जण दिवसभर एखादं फळ आणि चहावर काढतात आणि रात्री थकून थोडंसंच जेवतात. त्याने यकृतच नव्हे, स्नायूही पुरते भरत नाहीत. हे जमणारच नसेल तर लांब पळणं रविवारऐवजी दुसऱ्या सुट्टीला न्या.

पहाटेच्या खाण्याचा एक ढोबळ अंदाज असा: पळण्याच्या जितके तास आधी खाणार, वजनाच्या दर किलोमागे तितके ग्रॅम पिष्ट. तुम्ही ६२ किलोच्या, तासभर आधी खाणार असाल तर ६० ग्रॅमच्या आसपास. दोन तास आधी उठायची तयारी असेल तर १२० पर्यंत. रविवारच्या सरावासाठी दोन तास आधी उठून झोप मोडू नका. साडेचारला उठा, पावणेपाचच्या आत खा, पावणेसहाला निघा.

६० ग्रॅम म्हणजे ताटात किती? साध्या पांढऱ्या ब्रेडचे दोन तुकडे जॅम लावून आणि सोबत एक मध्यम केळं, झाले ६० च्या जवळपास. गव्हाचा, बियांचा, ‘पौष्टिक’ ब्रेड त्या सकाळी नको. आहारतज्ज्ञ असून मैद्याचा ब्रेड खायला सांगतो म्हणून माझी अनेकदा चेष्टा होते, पण पोटातून लवकर खाली उतरणं हाच त्या पहाटेचा गुण आहे. ब्रेड आवडत नसेल तर तांदळाची मऊ पेज: ५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे लहान वाटीच्या आतबाहेर, रात्रीच शिजवून ठेवायचे, पहाटे गरम पाण्यात सैल करून चवीला मीठ आणि सुपारीएवढे दोन गुळाचे खडे. कोकणातल्या माझ्या काही पळणाऱ्यांना याहून बरं दुसरं काही मानवत नाही. तिसरा पर्याय भिजवलेले पोहे. ५० ग्रॅम पोहे धुऊन, थोडं दही आणि साखर घालून, वर अर्धं केळं.

फोडणीचे पोहे मात्र नकोत. लोक इथेच फसतात. पोहे हलके, असं आपण सगळे धरून चालतो आणि नुसते पोहे हलके असतातही. पण त्यात तीन चमचे तेल, मूठभर शेंगदाणे आणि वर खोबरं पडलं की पोट रिकामं व्हायला दुप्पट वेळ लागतो. तेल-तूप पोटात पोहोचलं की पोटाचा खालचा दरवाजा जपून उघडतो. तीच गोष्ट शेंगदाण्याची चिक्की, तुपातला लाडू आणि मूठभर भिजवलेल्या बदामांची. बदाम वाईट नाहीत, पण पळून आल्यावर खा. दूध कित्येकांना पहाटे सोसत नाही, तुम्हाला सोसत असेल तर अर्धा कप ठीक.

तुम्ही म्हणाल, तासभर आधी ६० ग्रॅम खाल्लं तर रोजच्यासारखेच पाय जड नाही का होणार? रास्त शंका आहे. तासाभरात इन्सुलिनची पहिली लाट ओसरायला लागलेली असते आणि या वेळी मागून येणारी साखरही जास्त असते. तरी तुमच्यासारखीने पहिला दीड किलोमीटर मुद्दाम संथ काढावा, बोलत बोलत पळता येईल असा. यवतेश्वरचा चढ तसाही लगेच सुरू होतो, तिथे सुरुवातीलाच जोर लावला तर खाल्लेलं आणि झोपलेलं दोन्ही वाया. एवढं करूनही डोकं हलकं वाटलं तर पुढच्या रविवारी खाणं आणखी अर्धा तास अलीकडे घ्या.

आणि पोट जड होण्याची भीती? ती खरी आहे, पण पोटाला सराव देता येतो. पहिल्या रविवारी फक्त ३० ग्रॅम, म्हणजे जॅम लावलेला ब्रेडचा एक तुकडा आणि दोन खजूर. दुसऱ्या रविवारी ४५. तिसऱ्याला ६०. पळताना कुशीत कळ, खाल्लेल्याच्या ढेकरा किंवा पोटात पाणी डुचमळल्यासारखं झालं तर समजा की जास्त झालं किंवा उशिरा झालं. एक पायरी मागे या, पण शून्यावर जाऊ नका.

नुसत्या पहाटेच्या खाण्यावर सव्वादोन तास निघतील, पण काठावर. म्हणून वाटेत तासाला ३० ग्रॅम साखर घ्या. तुमच्या बाबतीत ती यकृत जेवढी सोडतं जवळपास तेवढीच आहे, म्हणजे त्याच्यावरचा भार बराच हलका होतो. साधा खजूर बी काढून ५-६ ग्रॅम साखर देतो. पाऊण तास झाला की तीन खजूर आणि दोन घोट पाणी, मग दर अर्ध्या तासाला तेवढंच. मोठे, मऊ, महागाचे खजूर असतील तर एकच बास, त्यात तिप्पट साखर असते. चावायला नको वाटत असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत सहा सपाट चमचे साखर, अर्धं लिंबू आणि दोन चिमटी मीठ. त्याहून गोड करू नका, दाट सरबत पोटात पडून राहतं. भूक लागायची, थरथरायची वाट पाहायची नाही. त्या वेळी घेतलेली साखर काम करते, हे तुम्ही लिमलेटने अनुभवलंच आहे, पण तोवर शेवटचे तीन किलोमीटर हातचे गेलेले असतात.

एका बाईंचं उदाहरण सांगतो, तुमच्याच वजनाच्या होत्या. पहाटे ब्रेड-केळं सुरू केलं, पण पळताना काही घेत नव्हत्या. दोन तास छान गेले आणि ठीक तिथेच पुन्हा थरथर. त्या म्हणाल्या, तुमचा उपाय खोटा. मी त्यांना दर अर्ध्या तासाला घड्याळाचा गजर लावायला सांगितला, गजर झाला की तीन खजूर. पुढच्या रविवारी शेवटचा किलोमीटर त्यांचा सगळ्यांत वेगाचा झाला. पहाटेचं खाणं तेच होतं, फक्त वाटेत अंतरा-अंतराने साखर मिळत गेली.

दोन्हींच्या मधल्या, म्हणजे तास ते दीड तासाच्या पळण्याला पक्की रेषा नाही. रात्री नीट जेवला असाल आणि गती आरामाची असेल तर नुसतं पाणी चालतं. नाहीतर निघताना एक केळं आणि खिशात तीन खजूर.

चरबीचं म्हणाल तर उपाशी पळताना त्या तासाभरात चरबी जास्त वापरली जाते, हे खरं. पण शरीर उरलेल्या दिवसात तो हिशोब बराचसा फिरवून घेतं, दिवसभराचं खाणं सारखंच असेल तर वजनात उल्लेखनीय फरक पडलेला दिसत नाही. तुम्ही सोमवार ते शुक्रवार रिकाम्या पोटीच पळणार आहात, तेवढं त्यासाठी पुष्कळ झालं. रविवारी उपाशी राहून जी जास्तीची चरबी जाळाल तिच्यापेक्षा जास्त, घरी येऊन भुकेने खाल्लेल्या दोन वड्यांत परत येते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर यातलं काही स्वतःवर लावू नका. त्या औषधांवर रिकाम्या पोटी ४० मिनिटंही धोक्याची ठरू शकतात, गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांबरोबर बसवूनच पळायचं. आणि ताई, वरचं सगळं नीट करूनही तीन रविवारांनंतर अंधारी येतच राहिली, किंवा छातीत दडपण, धडधड असं काही जाणवलं, तर हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की ती चाचणी मी एरवीही सांगतोच.

साताऱ्याची अर्धमॅरेथॉन करायचा विचार असेल तर एक बदल लागेल. स्पर्धेच्या दिवशी गर्दी, सामान ठेवणं, रांगा यात तास-दीड तास आधीच मैदानावर पोहोचावं लागतं, त्यामुळे घरचं खाणं सुटण्याच्या वेळेच्या दोन-अडीच तास आधी होतं. मग त्या वेळी ६० ऐवजी १०० ते १२० ग्रॅम घ्या, म्हणजे ब्रेडचे चार तुकडे जॅम लावून आणि केळं, किंवा दुप्पट पेज. त्यानंतर मैदानावर फक्त पाणी. कुणी प्रेमाने अर्धा तास आधी केळं हातात ठेवलं तर ते खिशात टाका आणि रेषेवर उभं राहिल्यावर, सुटायला ५ मिनिटं असताना खा.